सव्वा मिनिटात फ्लॅट कसा दाखवायचा: रत्नागिरीतल्या एका टू बीएचकेची स्क्रिप्ट

मी रत्नागिरीत घरं विकते. पहिला फ्लॅट टूरचा व्हिडिओ काढला तेव्हा स्क्रिप्ट वगैरे काही नव्हतं. फोन हातात घेतला, दारातून आत शिरले आणि सुचेल तसं बोलत गेले. साडेतीन मिनिटांच्या त्या व्हिडिओत "प्रशस्त" हा शब्द नऊ वेळा आला होता आणि "सी व्ह्यू" दोनदा. तो पाहून एक निवृत्त जोडपं रात्रीच्या गाडीने मुंबईहून आलं. काका बाल्कनीत उभे राहिले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "ताई, समुद्र कुठे आहे?" समुद्र गच्चीवरून दिसत होता. काकूंनी तोवर पिशवीतून टेप काढून बेडरूम मोजायला घेतली होती. त्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. वाटेत कोणीच काही बोललं नाही.

पुढे मी व्हिडिओ आधी कागदावर लिहायला लागले. इथे एका घराची अख्खी स्क्रिप्ट देते आहे आणि ती कशी तयार झाली तेही सांगते. घर नाचण्यातलं, नव्या इमारतीतलं, दुसऱ्या मजल्यावरचं. नवीन एजंट असाल तर हीच चौकट घेऊन तुमचे आकडे त्यात भरा.

## 1. शूटच्या आधी फाइलमध्ये काय हवं

ही कागदपत्रं हातात नसतील तर कॅमेरा काढू नका. व्हिडिओत उच्चारलेला प्रत्येक आकडा यांतल्याच कुठल्या तरी कागदावरून यायला हवा.

- बिल्डरची किंवा मालकाची लेखी परवानगी, व्हिडिओ काढायला आणि जाहिरात करायला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं "हो चालेल" मी धरत नाही.
- प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक आणि त्याचा क्यूआर कोड. महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची आणि एजंटांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण.
- तुमचा स्वतःचा एजंट नोंदणी क्रमांक.
- मंजूर नकाशा, आणि इमारत पूर्ण झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्राची प्रत.
- फ्लॅटचा कार्पेट एरिया, चौरस मीटरमध्ये.
- सोसायटीचा किंवा देखभालीचा महिन्याचा खर्च, आणि पाणी कुठून व किती वेळ येतं याची माहिती.

महारेराचा भाग जरा थांबून समजून घ्या, कारण नवे लोक इथेच अडकतात. नोंदणी व्हायला हवी अशा प्रकल्पाची जाहिरात नोंदणी क्रमांकाशिवाय करता येत नाही, आणि तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलेला व्हिडिओ हीसुद्धा जाहिरातच असते. 1 ऑगस्ट 2023 पासून क्रमांकासोबत क्यूआर कोडही दाखवावा लागतो. एजंटला नोंदणी मिळण्याआधी महारेराचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नोंदणीशिवाय व्यवहार केलेत तर दंड दिवसाला 10,000 रुपये, आणि तो फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

जमीन 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची गरज नसते. आपल्याकडे अशा छोट्या इमारती बऱ्याच आहेत. तिथे क्रमांक नसला तर नाही, म्हणून त्याच बिल्डरच्या दुसऱ्या प्रकल्पाचा क्रमांक चिकटवू नका. मी हे होताना पाहिलं आहे. खरेदीदाराने क्रमांक टाकून पाहिला तर त्याच्या समोर भलतीच इमारत येते.

सामान फार लागत नाही. फोन, कॉलर माइक, टेप आणि एक वही पुरते. कॅमेरा हातात थरथरत असेल तर गिंबल घ्या, नसेल तर अडत नाही.

## 2. आधी फोनवरचे प्रश्न लिहा, मग खोल्या

पूर्वी मी दारापासून संडासापर्यंत क्रमाने जायचे. आता वहीत आधी मागच्या वीस-पंचवीस फोनवर लोकांनी काय विचारलं ते लिहून काढते. रत्नागिरीत घर घेणारा बऱ्याचदा मुंबई-ठाण्याचा चाकरमानी असतो. मूळ गाव जवळच कुठेतरी असतं, घर निवृत्तीसाठी किंवा सणावाराला येऊन राहण्यासाठी हवं असतं. तो "इटालियन मार्बल आहे का" असं विचारत नाही. माझ्या वहीत सतत आलेले प्रश्न असे होते: किंमत किती, भिंतीला ओल येते का, पाणी कसं आहे, गाडी कुठे लावायची, लिफ्ट आहे का, आणि गणपती कुठे बसवायचा.

शेवटच्या प्रश्नाला हसू नका. घरात गणपती येतो त्या माणसाला हॉल पाहताना सोफ्याआधी मखर दिसतं. आणि ओलीचा प्रश्न तर खरा कळीचा. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्यामुळे जी भिंत मे महिन्यात व्हिडिओत पांढरीशुभ्र दिसते तिच्यावर ऑगस्टमध्ये काळे डाग उठू शकतात. खरेदीदाराला हे ठाऊक असतं, कारण त्याच्या गावच्या घरी तो हेच पाहत मोठा झालेला असतो. तुम्ही ती भिंत दाखवलीच नाहीत तर तिथे ओल आहे असंच तो धरून चालतो.

तुमचं गाव दुसरं असेल तर प्रश्नही बदलतील. चिपळूणमध्ये 22 जुलै 2021 च्या पुरानंतर बाजारपेठेच्या बाजूचं घर दाखवताना "पाणी कुठवर आलं होतं" याचं उत्तर स्क्रिप्टमध्ये नसेल, तर बाकीचं कोणी ऐकणार नाही. तिथे जिन्यात उभं राहून पाण्याची खूण दाखवायची, मग वरचा मजला.

## 3. टेप लावा आणि एकच मोजमाप धरा

खोल्यांची मापं स्वतः घ्या, भिंतीच्या आतल्या बाजूने. नकाशावरची मापं प्लास्टर आणि टाइल लागल्यावर इंच-दोन इंचांनी कमी भरतात. काकूंसारखं कोणी टेप घेऊन आलं तर तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला पाहिजे.

क्षेत्रफळासाठी कार्पेट हाच शब्द वापरा. रेरा कायद्यात त्याची व्याख्या आहे: घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र. त्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. आमच्या या फ्लॅटचा कार्पेट 54 चौरस मीटर होता. 10.764 ने गुणलं की 581 चौरस फूट. बिल्डरच्या जुन्या पत्रकात याच घरापुढे "830 सेलेबल", म्हणजे बाल्कनी, जिना वगैरे धरून फूट, असं छापलेलं होतं. तो आकडा व्हिडिओत घेतला असता तर भाव प्रति फूट स्वस्त वाटला असता, आणि करारनामा वाचताना खरेदीदाराने मला विचारलं असतं की उरलेले 249 फूट कुठे गेले.

## 4. स्क्रिप्ट

लिहिण्याआधी स्वतःचा बोलण्याचा वेग मोजा. वर्तमानपत्रातला एक मिनिटभराचा मजकूर नेहमीच्या आवाजात वाचा आणि शब्द मोजा. माझा वेग मिनिटाला 115 ते 120 शब्द आहे, म्हणजे सव्वा मिनिटाला साधारण 145. खालच्या स्क्रिप्टमध्ये बोलायचे शब्द 146 आहेत. 200 लिहिलेत तर तुम्ही धावत बोलाल, किंवा व्हिडिओ लांबेल आणि शेवट कोणी ऐकणार नाही. आकडे बोलताना अडखळायला होऊ नये म्हणून स्क्रिप्टमध्ये ते अक्षरात लिहिते, पडद्यावर अंकात दाखवते.

0 ते 7 सेकंद. दृश्य: बाल्कनी, कॅमेरा बाहेरून आत वळतो.
"रत्नागिरी, नाचणे. दोन बेडरूमचं घर, बेचाळीस लाख. इथून समुद्र दिसत नाही. पण संध्याकाळचा वारा मात्र त्याचाच."

7 ते 19. दृश्य: मुख्य दारातून हॉल, शेवटी पूर्वेचा कोपरा.
"दुसरा मजला, लिफ्ट आहे. हॉल साडेसोळा फूट बाय दहा. सोफा या बाजूला, टीव्ही समोर. आणि हा कोपरा गणपतीचा; मखर लावून माणसांना बसायला जागा उरते."

19 ते 28. दृश्य: ओटा, मग ड्राय बाल्कनी.
"स्वयंपाकघर नऊ बाय सात. मागे ड्राय बाल्कनी: वॉशिंग मशीन इथे, आणि पावसात कपडे वाळत घालायची दोरीही इथेच."

28 ते 38. दृश्य: दोन्ही बेडरूम, प्रत्येक दाराच्या कोपऱ्यातून.
"मोठी बेडरूम अकरा बाय दहा. धाकटी दहा बाय नऊ. धाकटीत डबल बेड आणि कपाट मावतं, अभ्यासाचं टेबल मावत नाही."

38 ते 47. दृश्य: मोठ्या बेडरूमची पश्चिमेची भिंत, हात भिंतीवर.
"ही पश्चिमेची भिंत. पावसाचा सगळा मारा हिच्यावर. आज पंधरा जुलै आहे. हात लावून दाखवते, कोरडी आहे."

47 ते 60. दृश्य: नळ, पार्किंग, इमारतीचा दर्शनी भाग.
"नळाला रोज पाणी येतं, शिवाय बोअरवेल आहे. खाली एक गाडी छताखाली. कार्पेट पाचशे एक्याऐंशी चौरस फूट, बाल्कनी वेगळी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय, त्यामुळे जीएसटी नाही."

60 ते 75. दृश्य: तुम्ही स्वतः दारात, हातात किल्ली, कॅमेऱ्याकडे बघत.
"घराचा प्लॅन आणि किमतीची पूर्ण फोड हवी असेल तर खालच्या नंबरवर 'नाचणे' एवढं व्हॉट्सअ‍ॅप करा. सोबत गावी कधी येताय ती तारीख लिहा. त्या दिवशी किल्ली घेऊन मी दारात उभी असेन."

पहिल्याच ओळीत किंमत का, असं मला आमच्याच एका सहकाऱ्याने विचारलं होतं. त्याचं म्हणणं, किंमत लपवली की लोक विचारायला तरी मेसेज करतात. करतात खरे. पण त्यातले बहुतेक "प्राइस?" एवढंच लिहून उत्तर मिळाल्यावर गप्प होतात, कारण त्यांचं बजेट 25 लाखांचं असतं. त्या चाळीस मेसेजना उत्तरं देण्यात जी संध्याकाळ जाते ती मी एका खऱ्या गिऱ्हाइकाला देणं पसंत करते.

"समुद्र दिसत नाही" हे वाक्य ठेवायला मला धीर लागला. ठेवल्यावर झालं असं की समुद्रासाठीच घर शोधणारे आपोआप बाजूला झाले, आणि बाकीच्यांनी पुढची सत्तर सेकंदं माझ्यावर विश्वास ठेवून ऐकली. टेबल मावत नाही हेही तसंच. घरातली एक उणीव तुम्हीच सांगा, पण ती खरीखुरी असू दे. "तोटा एकच, इथून निघावंसं वाटणार नाही" असली लाडिक उणीव लोकांना लगेच कळते.

स्क्रिप्टमधून मी काय काढून टाकलं तेही सांगते. पहिल्या खर्ड्यात "हायवे झाल्यावर भाव दुप्पट होणार" असं वाक्य होतं. जे व्हायचं आहे ते बोलू नका. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर रेरा कायद्यानुसार तो भरपाई मागू शकतो, आणि तुमचा व्हिडिओ हा त्याच्या हातातला पुरावा असतो. "स्टेशनपासून पाच मिनिटं" हेही काढलं. भर दुपारी रिक्षात बसून किती वेळ लागतो ते पाहिलं आणि ते अंतर चॅटमध्ये पाठवायच्या माहितीत टाकलं.

## 5. शेवटची पंधरा सेकंदं

माझ्या जुन्या व्हिडिओंचा शेवट असा असायचा: "अधिक माहितीसाठी संपर्क करा, व्हिडिओ आवडला तर लाइक करा, शेअर करा, पेज फॉलो करा आणि साइट व्हिजिटसाठी आजच कॉल करा." पाच कामं सांगितली की माणूस एकही करत नाही, अंगठ्याने पुढचा व्हिडिओ आणतो. आता एकच काम सांगते: एक शब्द टाइप करा.

फोन न मागता व्हॉट्सअ‍ॅप का? व्हिडिओ बघणारा माणूस लोकलमध्ये असतो, ऑफिसात असतो, रात्री अकराला अंथरुणात असतो. त्या क्षणी अनोळखी एजंटला फोन लावणं त्याला जड वाटतं, शब्द टाइप करणं वाटत नाही.

बदल्यात काय मिळणार ते नेमकं सांगा. "अधिक माहिती" म्हणजे काय ते कोणालाच कळत नाही. प्लॅन आणि किमतीची फोड या दोन वस्तू मात्र त्याला बायकोला, भावाला पाठवता येतात. गावाकडच्या घराचा निर्णय एकटा माणूस घेत नाही, कुटुंबाच्या ग्रुपवर होतो, आणि तिथे फिरायला कागद लागतो.

तारखेचा प्रश्न ही या शेवटातली माझी सगळ्यात आवडती जागा आहे. "साइट व्हिजिटला कधी येता?" असं विचारलं तर मुंबईचा माणूस "बघतो" म्हणतो. "गावी कधी येताय?" या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच्याजवळ तयार असतं, कारण गणपतीची तिकिटं काढून झालेली असतात. नाहीतर शिमगा, नाहीतर मे महिना. त्याला वेगळा प्रवास ठरवायचा नसतो, आहे त्या प्रवासातला एक तास द्यायचा असतो. जी तारीख येते ती थेट माझ्या वहीत जाते.

"फक्त दोनच फ्लॅट शिल्लक", "ऑफर रविवारपर्यंत" हे खरं असेल तरच बोला. खोटी घाई लावलीत आणि तोच व्हिडिओ तीन महिन्यांनी कोणाच्या तरी फोनवर पुन्हा आला, की तुमचं पितळ उघडं पडतं.

फेसबुकवर व्हिडिओखालच्या मजकुरात नंबराऐवजी अशी लिंक द्या; इन्स्टाग्रामवर मजकुरातली लिंक दाबता येत नाही, तिथे ती प्रोफाइलमध्ये द्या. दाबली की तुमच्या नंबरचं चॅट उघडतं आणि मेसेज आधीच लिहिलेला असतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Nachane%202BHK
```

91 नंतर तुमचा दहा आकडी नंबर, आधी शून्य नाही, अधिकचं चिन्ह नाही, मध्ये मोकळी जागा नाही. %20 म्हणजे शब्दांमधली जागा. प्रत्येक फ्लॅटला शब्द वेगळा ठेवा म्हणजे कुठल्या व्हिडिओवरून कोण आलं ते विचारावं लागत नाही. टाकण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून लिंक दाबून बघा. मी एकदा एक आकडा चुकवला होता. दोन दिवस माझे मेसेज एका अनोळखी माणसाकडे जात होते, आणि त्याने बिचाऱ्याने एकालाही "राँग नंबर" याखेरीज काही सुनावलं नाही.

## 6. शूट करताना

फोन उभा धरा, लेन्स 1x वर ठेवा. 0.5x वर नऊ फुटांची खोली बारा फुटांची दिसते आणि खांब वाकडे होतात. मोह होतो, मान्य आहे. पण गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर "व्हिडिओत मोठी वाटत होती" म्हणालं की सौदा तिथेच संपतो. लहान खोलीत पाठ दाराच्या कोपऱ्याला टेकवा, फोन छातीच्या उंचीवर धरा आणि कमरेपासून हळू वळा.

खिडकी समोर आली की आपल्या इथल्या उजेडात सगळं पांढरंफटक होतं किंवा खोली काळी पडते. खोलीतल्या भिंतीवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनवर प्रकाश तिथेच पक्का होतो, मग वळलं तरी उजेड मागेपुढे होत नाही. पश्चिमेकडच्या खोल्या सकाळी नऊच्या सुमारास घ्या, पूर्वेकडच्या दुपारी चारनंतर.

घरात कोणी राहत असेल तर देवघर, औषधं, कपाटावर चिकटवलेली बिलं, मुलांचे फोटो आधी बाजूला करायला सांगा. पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबरही दिसू देऊ नका. आणि एक खिडकी उघडून तिचं ग्रिल जवळून दाखवा. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं हे इथल्या लेकरालाही माहीत आहे, ग्रिल बरं असेल तर तीन सेकंदांत मुद्दा जिंकला जातो.

## 7. आवाज

रिकाम्या फ्लॅटमध्ये बोललं की आवाज घुमतो, बाल्कनीत वाऱ्याची घरघर येते. म्हणून चित्र आधी घ्या आणि आवाज नंतर रेकॉर्ड करा. जागा सांगू? बंद गाडी. काचा वर, पंखा बंद, माइक कॉलरला. शेवटचा दारातला तुकडा मात्र तिथेच बोला, कारण त्यात तुमचे ओठ दिसतात. त्याला माइकवर फोमची किंवा केसाळ टोपी लावा.

पार्श्वसंगीत म्हणून सिनेमातली गाणी लावू नका. धंद्याच्या खात्यावर कॉपीराइट असलेलं गाणं लावलं तर व्हिडिओचा आवाज बंद केला जाऊ शकतो, आणि मग तुमची किंमतही कोणाला ऐकू येत नाही.

## 8. पडद्यावरची अक्षरं

बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं सगळं खाली मराठीत लिहा. पट्टी पडद्याच्या अगदी तळाला नको, तिथे अ‍ॅपची बटणं येतात. व्हॉट्सअ‍ॅप नंबर पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत राहू द्या, कारण ज्याला घर वीस सेकंदांतच आवडलं त्याला साठाव्या सेकंदापर्यंत थांबवायचं काही कारण नाही.

महारेराचा प्रकल्प क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड वरच्या भागात ठेवा, तुमच्या फोन नंबरपेक्षा बारीक नकोत. ज्या फोनवर व्हिडिओ बघतो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कोड स्कॅन करता येत नाही, म्हणून क्रमांक अक्षरांतही स्वच्छ वाचता आला पाहिजे. कोडभोवती पांढरी चौकट सोडा, नाहीतर दुसऱ्या फोननेही तो स्कॅन होत नाही.

## 9. "नाचणे" असा मेसेज आल्यावर

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय आधीच लिहून ठेवा. माझा असा असतो: "नमस्कार. प्लॅन सोबत जोडला आहे. करारनाम्याची किंमत 42,00,000. नोंदणी फी 30,000. मुद्रांक शुल्क चालू दराने, आकडा खाली. देखभाल महिन्याला किती तेही खाली. गावी कोणत्या तारखांना आहात?"

नोंदणी फी किमतीच्या 1 टक्का असते आणि 30,000 ला थांबते, म्हणून 42 लाखांवर 30,000. मुद्रांक शुल्काचा दर मात्र घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, यावर बदलतो, आणि खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर सवलत मिळते. म्हणून तो आकडा दर वेळी दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा वकिलाकडून तपासून घ्या, जुन्या मेसेजमधून उचलू नका. बुकिंगचे पैसे मागाल तेव्हा लक्षात असू द्या की बिल्डरला नोंदणीकृत करारनामा न करता किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

मेसेजमध्ये काय येतं त्यावरून स्क्रिप्टमध्ये काय चुकलं ते कळतं. लोक "किंमत?" विचारत असतील तर ती पडद्यावर नीट दिसली नाही. "नक्की कुठे?" विचारत असतील तर पहिल्या ओळीत जागेचं नाव स्पष्ट उमटलं नाही. व्हिडिओ हजारोंनी पाहिला आणि मेसेज दोनच आले, तर इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये लोक कितव्या सेकंदाला सोडून गेले ते बघा. माझा एक व्हिडिओ बाराव्या सेकंदाला कोसळत होता. तिथे मी लिफ्टच्या बटणावर चार सेकंदं थांबले होते.

मेसेज आला की अर्ध्या तासात उत्तर द्या. रात्री दहानंतर आलेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. आणि तारीख दिलेल्या माणसाला गाडीत बसायच्या आदल्या दिवशी एकदा विचारा: "उद्या येताय ना? किल्ली काढून ठेवते."

ते काका-काकू पुढच्या गणपतीत पुन्हा आले होते, दुसऱ्या व्हिडिओवरून. काकूंनी टेप आणली होती. हॉल साडेसोळा फूटच भरला.